आवक आधी की जावक? बेदाण्याच्या लेजरमधली उणे शिल्लक

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचं स्टॉकचं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी माझ्याकडे देखभालीला आलं. ते लिहिलेला मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. व्यापार फार मोठा नाही, पण माल दोन ठिकाणी पसरलेला: यार्डात गाळा आणि कुपवाडला कोल्ड स्टोअरेजमध्ये भाड्याची जागा. पंधरा किलोचा बॉक्स हेच मोजमाप. हिरवा, पिवळा, काळा, त्यात पुन्हा नंबर, आणि प्रत्येक नंबराचं प्रत्येक गोदामाला वेगळं लेजर. तारीख, कागद नंबर, आवक, जावक, शिल्लक. वहीत असतं तसंच स्क्रीनवर.

ऐन हंगामात एका सकाळी दिवाणजींचा फोन आला. "मॅडम, हिरवा एक नंबर उणे दोनशे साठ दाखवतोय. गाळ्यात बॉक्स डोळ्यासमोर आहेत. आणि बिलच निघंना."

बिल न निघणं ही खरी अडचण होती. आधीच्या मुलाने एक चांगला नियम घालून ठेवला होता: नवी विक्री टाकल्यावर त्या मालाच्या लेजरमध्ये कुठल्याही ओळीवर शिल्लक उणे जात असेल, तर विक्री नाकारायची. फक्त शेवटची शिल्लक तपासली, तर मागच्या तारखेची नोंद घुसवून कुणीही मधलं लेजर बिघडवू शकतो, म्हणून प्रत्येक ओळ. नियमामागचा विचार बरोबरच होता, पण आता त्यामुळे पंचवीस बॉक्सचं बिल अडलं होतं, बाहेर दिल्लीची गाडी भरून उभी आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. दिवाणजींनी त्यांचा मार्ग काढला. विक्री कुपवाडच्या गोदामातून दाखवली, बिल काढलं, गाडी सोडली. धंद्याच्या दृष्टीने बरोबर केलं त्यांनी. पण आता दोन गोदामांचा स्टॉक पंचवीस बॉक्सनी चुकलेला, आणि तोही उलटसुलट.

मी गाळ्यावर गेले तेव्हा दिवाणजींनी दोन प्रिंट समोर ठेवल्या. एक आदल्या दुपारची, एक सकाळची. मालही तोच आणि तारखाही त्याच. 9 एप्रिलला आधीची शिल्लक चाळीस. त्या दिवशी तीनशे बॉक्स आवक, मग एकशे ऐंशी आणि एकशे वीस अशा दोन जावक. आदल्या दिवशीच्या प्रिंटवर शिल्लक 340, 160, 40 अशी उतरत गेलेली. सकाळच्या प्रिंटवर जावक वर, आवक खाली, आणि शिल्लक -140, -260, 40.

दिवसाअखेरची शिल्लक दोन्हीकडे चाळीस आहे, हे मी त्यांना बोटाने दाखवलं. बेरीज चुकलेली नव्हती, ओळींचा क्रम फिरला होता.

"पण नोंदी कुणी हलवल्या?" त्यांचा प्रश्न रास्त होता. रात्रीतून क्रम आपोआप कसा बदलेल?

लेजरची क्वेरी उघडून बघितली तर अशी होती:

```sql
SELECT id, txn_date, qty,
       SUM(qty) OVER (ORDER BY txn_date
                      ROWS UNBOUNDED PRECEDING) AS balance
FROM stock_move
WHERE item_id = 17 AND godown_id = 2
ORDER BY txn_date;
```

`txn_date` मध्ये नुसती तारीख आहे, वेळ नाही. त्यामुळे 9 एप्रिलच्या तिन्ही ओळी डेटाबेसच्या नजरेत सारख्याच. तारखेनुसार लाव म्हटलं की तो 8 च्या ओळी आधी आणि 10 च्या नंतर ठेवणार, एवढंच वचन. 9 च्या तिघांत आधी कोण, हे आपण सांगितलेलंच नाही. मग तो हाताला येईल तसं लावतो. हे त्याचं चुकत नाही. विचारलं तेवढंच उत्तर देतो.

तरीही हंगाम सुरू झाल्यापासून लेजर बरोबर येत होतं, ते का, हे मला समजून घ्यायचं होतं. डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात प्रत्येक ओळीची टेबलातली प्रत्यक्ष जागा `ctid` नावाने बघता येते: पान नंबर आणि त्या पानावरची जागा. त्या दिवसाच्या ओळी जागेनुसार काढल्या:

```
   ctid   |  id  |  txn_date  | qty
----------+------+------------+------
 (212,44) | 8127 | 2025-04-09 | -180
 (213,2)  | 8133 | 2025-04-09 | -120
 (219,17) | 8121 | 2025-04-09 |  300
```

आवकेची नोंद 8121, म्हणजे तिघांत सगळ्यात आधी टाकलेली. पण ती बसलीय 219 व्या पानावर, सगळ्यांच्या मागे. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुन्या ओळीत खाडाखोड होत नाही. जुनी बाद ठरते आणि बदललेली नवी प्रत लिहिली जाते, त्याच पानावर जागा असेल तर तिथे, नसेल तर दुसरीकडे. मी दिवाणजींना विचारलं, काल संध्याकाळी या आवकेत काही दुरुस्ती केली का? त्यांनी जरा आठवून सांगितलं, "गाडीचा नंबर चुकला होता. तेवढाच बदलला. बॉक्सला हात लावला नाही."

तेवढ्याने काम झालं होतं. गाडी नंबरचा एक आकडा बदलला आणि आवकेची ओळ उठून टेबलाच्या शेवटाकडे गेली. तोवर नोंदी टाकल्या त्या क्रमाने टेबलात बसलेल्या होत्या, वाचतानाही त्याच क्रमाने येत होत्या, म्हणून लेजर बरोबर दिसत होतं. म्हणजे आधीचं बरोबर दिसणंही नशिबाचंच. एकदा ओळी मागेपुढे झाल्या की पोस्टग्रेसची सॉर्ट सारख्या तारखांच्या ओळी ज्या क्रमाने आल्या तोच ठेवेल, असं कुठेही लिहिलेलं नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न सोडवावा तो हा: उणे खरं आहे की क्रमाचं? खरंच नसलेला माल विकला असेल, तर कसंही सॉर्ट केलं तरी तो उणे राहणारच. त्यासाठी दिवसाअखेरची शिल्लक काढायची. दिवसाची बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी तीच येते.

```sql
SELECT txn_date,
       SUM(SUM(qty)) OVER (ORDER BY txn_date) AS closing
FROM stock_move
WHERE item_id = 17 AND godown_id = 2
GROUP BY txn_date
ORDER BY txn_date;
```

इथे `closing` कुठेच उणे नसेल आणि लेजरमध्ये मात्र उणे दिसत असेल, तर दुखणं क्रमाचं. `closing` च उणे असेल तर नोंद राहिलीय, चुकीच्या गोदामात पडलीय किंवा तारीख चुकलीय. मी ही क्वेरी सगळ्या मालावर, सगळ्या गोदामांवर चालवली. लेजरमध्ये उणे दिसणाऱ्या मालांपैकी बहुतेकांची दिवसाअखेर व्यवस्थित होती. दोन-तीन ठिकाणी मात्र ती खरोखर उणे निघाली. ती यादी बाजूला ठेवली. तिच्याकडे शेवटी येते.

कराडच्या एका मित्राला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "ती `ROWS` ची ओळ काढून टाक, उणे जाईल." आणि खरंच जातं. ती काढली की पोस्टग्रेस स्वतःहून `RANGE` धरतो, आणि `RANGE` मध्ये सारख्या तारखेच्या सगळ्या ओळी एकदम मोजल्या जातात. मग 9 तारखेच्या तिन्ही ओळींसमोर शिल्लक 40, 40, 40. दिवाणजींना तशी प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तीनशे बॉक्स आले तरी चाळीस आणि एकशे ऐंशी गेले तरी चाळीस? हे लेजर झालं का? सीए काय म्हणतील?" मुद्दा त्यांचाच बरोबर. ओळीमागून ओळ वजाबाकी जुळली पाहिजे, नाहीतर कागद तपासणारा माणूस पहिल्याच पानावर अडतो. पण मित्राच्या सुचवणीतून एक गोष्ट मी उचलली. बिल अडवायचा नियम ओळीऐवजी दिवसाअखेरच्या शिल्लकीवर बसवला. आपल्याकडे तारखेच्या खालची वेळच नोंदलेली नसेल, तर दिवसाच्या आत माल उणे गेला होता असा दावा सॉफ्टवेअरने करायचा कशाच्या जोरावर? मागच्या तारखेची नोंद घुसवली तरी त्या तारखेपासून पुढची प्रत्येक दिवसाअखेर तपासली जातेच, म्हणजे आधीच्या नियमाचा हेतूही राहिला.

लेजरच्या छपाईसाठी मात्र पक्का क्रम लागणार होता. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तारखेनंतर `id` जोडणे. `id` एकमेव असतो, नोंद दुरुस्त केली तरी बदलत नाही, त्यामुळे आज काढलेली प्रिंट आणि महिन्याने काढलेली प्रिंट सारखी येईल. बहुतेक ठिकाणी लोक इथेच थांबतात. मी इथे थांबले नाही, कारण या गाळ्यावर नोंदी कशा पडतात ते बघितलं होतं. गाडी दारात असते म्हणून विक्रीचं बिल आधी निघतं. आवकेच्या पावत्या कुपवाडहून किंवा शेतकऱ्याच्या शेडवरून संध्याकाळी गठ्ठ्याने येतात आणि दिवाणजी त्या चहानंतर बसून टाकतात. म्हणजे सकाळी आलेल्या मालाचा `id` दुपारी गेलेल्या मालापेक्षा मोठा. `id` ने लावलं तर क्रम कायम राहील खरा, पण तो कायम चुकीचा राहील. सकाळी आलेला माल रोज दुपारच्या जावकेच्या खाली छापला जाईल.

नोंद टाकल्याची वेळ, `created_at`, घेतली तरी तेच. ती वेळ दिवाणजी कीबोर्डवर बसल्याची आहे, बॉक्स गाडीतून उतरल्याची नाही. त्यात आणखी एक खोच आहे. कोल्ड स्टोअरेजवाले महिन्याच्या शेवटी एक्सेल पाठवतात आणि ती सगळी एका दमात आयात होते. पोस्टग्रेसचं `now()` डेटाबेसमधला व्यवहार, म्हणजे एका दमात चालणारं ते सगळं काम, सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे एका व्यवहारात आलेल्या सगळ्या ओळींना अगदी सेकंदाच्या अंशापर्यंत एकच वेळ चिकटते. वेळ एवढी बारीक असते की दोन ओळी बरोबरीत येणारच नाहीत असं वाटतं, आणि आयातीच्या दिवशी शेकडो ओळी बरोबरीत येतात.

म्हणून मधे एक रकाना घातला, `seq`. कागदाच्या प्रकारावरून तो आपोआप भरतो: आरंभीची शिल्लक 1, खरेदी आवक 2, दुसऱ्या गोदामातून आलेली बदली 3, दुसऱ्या गोदामाला गेलेली बदली 4, विक्री 5, विक्री परत 6. वहीच्या काळातही दिवाणजी दिवसाची आवक आधी मांडून मग जावक मांडायचे, त्यामुळे त्यांना यात काही नवल वाटलं नाही.

```sql
SELECT id, txn_date, qty,
       SUM(qty) OVER w AS balance
FROM stock_move
WHERE item_id = 17 AND godown_id = 2
WINDOW w AS (ORDER BY txn_date, seq, id
             ROWS UNBOUNDED PRECEDING)
ORDER BY txn_date, seq, id;
```

क्रम दोन ठिकाणी लिहिलाय, आणि दोन्हीकडे तो अक्षरशः एकच हवा. आतला क्रम शिल्लक कशी मोजायची ते ठरवतो, बाहेरचा ओळी कशा छापायच्या ते. बाहेर नुसती तारीख ठेवली तर शिल्लक बरोबर मोजलेली असूनही ओळी दुसऱ्याच क्रमाने छापल्या जाऊ शकतात, आणि मग 40 नंतर 340 आणि मग 160 अशा उड्या दिसतात. उणे नसतं म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही. शेवटी `id` राहतोच, कारण एका दिवसात दोन विक्री असतील तर तारीख आणि `seq` दोन्ही बरोबरीत येतात.

विक्री परत सहाव्या नंबरला का, हा प्रश्न दिवाणजींनी नाही, मालकांच्या मुलाने विचारला. परत आलेला मालसुद्धा आवकच ना? आवक आहे, पण जो माल आधी गेला तोच परत आला. तो विक्रीच्या वर छापला तर गोदामात कधी नव्हताच एवढा साठा त्या ओळीवर दिसतो. खाली ठेवला की गोष्ट घडली तशी वाचता येते. अडचण एकाच वेळी येते: सकाळच्या गाडीतून वीस बॉक्स परत आले आणि तेच दुपारी दुसऱ्याला विकले, तर दुसरी विक्री परतीच्या वर बसते आणि शिल्लक कमी पडू शकते. हे क्वचित होतं. त्यासाठी त्या दिवसाच्या ओळी वरखाली करायला दोन बाण दिले, ते त्या नोंदीचा `seq` बदलतात. तो बदल कुणी आणि कधी केला ते मात्र नोंदलं जातं.

एवढं झाल्यावर मला वाटलं होतं की छपाईचा प्रश्न सुटला. खरी गंमत पुढे होती. मालाची किंमत काढणारा भागही याच क्रमाने ओळी वाचत होता, आणि तो सरासरी भावाने चालायचा. प्रत्येक आवकेला शिल्लक मालाची एकूण किंमत भागिले बॉक्स, आणि जावक त्या भावाने वजा. आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल करून सांगते. समजा आधीचे चाळीस बॉक्स 3,000 रुपयांचे, आणि नवे तीनशे 3,400 चे. आवक आधी धरली तर 340 बॉक्सची किंमत 11,40,000, म्हणजे भाव साधारण 3,353. तीनशे बॉक्स त्या भावाने गेले आणि उरलेल्या चाळिसांची किंमत 1,34,118.

आता जावक आधी धरा. तीनशे बॉक्स 3,000 ने गेले. चाळीस बॉक्सच्या 1,20,000 मधून 9,00,000 वजा, म्हणजे उणे 7,80,000. मग आवकेचे 10,20,000 आले. उरले 2,40,000 रुपये आणि चाळीस बॉक्स. बॉक्सचा भाव सहा हजार!

त्या मालाची एकही खरेदी 3,400 च्या वर नाही आणि शिल्लक मालाचा सरासरी भाव सहा हजार. बॉक्सची संख्या बरोबर चाळीसच असल्यामुळे स्टॉकच्या रिपोर्टकडे बघून कुणाला शंका येत नाही. पण विकलेल्या मालाची किंमत 1,05,882 रुपयांनी कमी लागली, नफा तेवढाच फुगला, आणि तो पुढच्या विक्रीत उलटा फिरून तोटा म्हणून येणार. क्रमाच्या या दोषाचा माग काढायचा असेल तर मी उणे शिल्लक शोधण्याआधी हे शोधते: सरासरी भाव आजवरच्या सगळ्यात महाग खरेदीच्या वर किंवा सगळ्यात स्वस्त खरेदीच्या खाली गेलाय का. साठा उणे होऊ दिला नाही तर सरासरी त्या दोन टोकांच्या बाहेर जाऊच शकत नाही. गेली असेल तर कुठेतरी शिल्लक उणे झाली होती, किंवा कुणी किंमत हाताने बदलली.

किंमतीचा भाग नव्या क्रमाने पहिल्यापासून पुन्हा चालवावा लागला. हे मालकांना न विचारता करण्यासारखं नव्हतं, कारण मार्चअखेरचे आकडे सीएंकडे गेलेले. त्यांच्याशी बोलून 1 एप्रिलची आरंभीची शिल्लक जशी दिली होती तशीच गोठवली आणि हिशेब तिथून पुढे नव्याने केला. चाचणी डेटाबेसवर आधी चालवून जुन्या आणि नव्या शिल्लक किमतींचा फरक मालानुसार काढला, तो दिवाणजींनी पेन्सिलने एकेक टिक करत तपासला. ज्या मालात एका दिवशी आवक-जावक दोन्ही कधी झालीच नव्हती, तिथे फरक शून्य यायला हवा होता, आणि तसाच आला.

आता ती बाजूला ठेवलेली यादी. दिवसाअखेरही उणे असलेल्या मालांपैकी एक ठिकाण सरळ निघालं. दिवाणजींनी बिल काढायला कुपवाडमधून दाखवलेल्या त्या पंचवीस बॉक्समुळे नंतर तिथून बदली निघाली तेव्हा साठा खरोखर कमी पडला होता. ती विक्री यार्डाच्या गोदामावर फिरवली आणि दोन्ही लेजर जुळली.

दुसरं जास्त वाकडं होतं. कुपवाडहून यार्डात माल संध्याकाळी निघतो. हमाल मिळाले तर त्याच रात्री उतरतो, नाहीतर सकाळी. जावकेवर कुपवाडचा माणूस आजची तारीख टाकायचा, आवकेवर यार्डाचा माणूस बॉक्स मोजून घेतल्याची, म्हणजे उद्याची. कधीकधी रात्री माल उतरून तिथूनच दुसऱ्या गाडीत चढायचा, विक्रीचं बिल आजच्या तारखेचं, आणि आवकेची नोंद मात्र उद्या सकाळी कागद हाती आल्यावर. हे `seq` ने सुटत नाही, कारण तारीखच वेगळी आहे, आणि तारखेच्या पुढे जाऊन `seq` काही करू शकत नाही. मी बदलीसाठी मधे "वाटेत" नावाचं तिसरं गोदाम केलं. कुपवाडची जावक तिथे जमा होते आणि यार्डाची आवक तिथून निघते. आवकेवर आता कागदाची नाही, माल उतरल्याची तारीख विचारली जाते. ती उद्या सकाळीसुद्धा कालची टाकता येते, पण कुपवाडच्या जावकेच्या आधीची टाकता येत नाही.

"वाटेत" गोदामात रोज सकाळी काही शिल्लक राहिली असेल तर दिवाणजी पहिला फोन कुपवाडला लावतात. एकदा त्यात चार बॉक्स बरेच दिवस अडकून होते. ते कोल्ड स्टोअरेजच्याच दारात, भिजलेले म्हणून बाजूला काढलेले सापडले.